पीएस५ आणि टीव्ही व्हीपीएनवर आणायचे असतील तर: दुसरा राऊटर बसवण्याची पद्धत

पीएस५, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच किंवा एलजीच्या टीव्हीमध्ये व्हीपीएनचं सेटिंग शोधत बसू नका. ते तिथे नाहीच. फायर टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवर व्हीपीएनची अ‍ॅप्स मिळतात, अ‍ॅपल टीव्हीवरही २०२३ च्या टीव्हीओएस १७ पासून मिळू लागली. तुमच्याकडे यांपैकी काही असेल तर सरळ अ‍ॅप टाका, पुढचा खटाटोप तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांना मात्र उपकरणाच्या आधीच्या टप्प्यावर व्हीपीएन चालवावं लागतं, म्हणजे राऊटरमध्ये किंवा लॅपटॉपच्या हॉटस्पॉटमध्ये. कन्सोलला आपण व्हीपीएनवर आहोत हे कळतही नाही. त्याला नेहमीचं वायफाय दिसतं.

उदाहरण म्हणून पुण्यातला एक फ्लॅट घेऊ. घरी जिओफायबरचा राऊटर, एक पीएस५, एक एलजी टीव्ही आणि वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलची सोय देणारी व्हीपीएन सेवा. घरातले मोबाइल, ऑफिसचा लॅपटॉप, बँकेची अ‍ॅप्स यांना हात लावायचा नाही, फक्त ही दोन उपकरणं सिंगापूरच्या सर्व्हरमधून न्यायची. म्हणून मुख्य राऊटर आहे तसा ठेवून त्याच्या मागे एक छोटा दुसरा राऊटर लावायचा. सगळं घर व्हीपीएनवर टाकलं की दुसऱ्याच दिवशी कुणाचा तरी ओटीपी अडकतो, कुठलं तरी सरकारी संकेतस्थळ उघडत नाही आणि अख्खी व्यवस्था उपटून फेकली जाते.

लागणारं सामान

- वायरगार्ड क्लायंट असलेला राऊटर. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त राऊटर-प्रणालीवर चालणारा कुठलाही किंवा जीएल.आयनेटसारखा छोटा प्रवासी राऊटर. एसुसच्या आणि टीपी-लिंकच्या काही मॉडेलांतही ही सोय असते.
- एक लॅन केबल दोन राऊटर जोडायला. पीएस५ साठी आणखी एक असेल तर उत्तम.
- व्हीपीएन सेवेचं खातं, ज्यातून वायरगार्डची `.conf` फाइल उतरवून घेता येते.
- तपासणीसाठी लॅपटॉप.

यातल्या दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. पहिली म्हणजे राऊटरच्या खोक्यावरचा ‘व्हीपीएन’ हा शब्द. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘व्हीपीएन सर्व्हर’ किंवा ‘व्हीपीएन पासथ्रू’ एवढाच असतो. सर्व्हर म्हणजे बाहेरून तुमच्या घरात शिरण्याची सोय, पासथ्रू म्हणजे लॅपटॉपवरचं व्हीपीएन राऊटर अडवत नाही एवढीच हमी. आपल्याला हवा तो ‘व्हीपीएन क्लायंट’. मॉडेलच्या वर्णनात हा शब्द स्पष्ट दिसला तरच पैसे द्या. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राऊटरमध्ये तो सहसा नसतोच. दुसरी गोष्ट, काही व्हीपीएन सेवा फक्त अ‍ॅप देतात, फाइल देत नाहीत. वर्षाचे पैसे भरण्याआधी त्यांच्या मदत पानावर राऊटरसाठी वायरगार्डची फाइल मिळते का ते पाहा.

१. आधी एक संध्याकाळ लॅपटॉपवर काढा

राऊटर विकत घेण्याआधी तुमचं काम त्या व्हीपीएनवर खरंच होतं का, हे विंडोजच्या हॉटस्पॉटवर फुकटात कळतं.

लॅपटॉप शक्यतो केबलने मुख्य राऊटरला जोडा. एकाच वायफाय कार्डाला इंटरनेट घ्यायलाही आणि वाटायलाही लावलं की वेग चांगलाच पडतो आणि दोष व्हीपीएनला जातो. मग व्हीपीएन चालू करा आणि Settings मधून Network & internet, तिथे Mobile hotspot सुरू करा. इथे थांबू नका, कारण या क्षणी हॉटस्पॉट तुमचं साधं इंटरनेट वाटतोय, व्हीपीएनचं नाही.

आता `ncpa.cpl` चालवा. अ‍ॅडॉप्टरांच्या यादीत हॉटस्पॉटमुळे आलेला एक नवा `Local Area Connection*` आणि पुढे आकडा असा दिसेल. तो आकडा लक्षात ठेवा. व्हीपीएनच्या अ‍ॅडॉप्टरवर उजवं क्लिक करून Properties, मग Sharing. पहिल्या चौकोनात खूण करा आणि खालच्या यादीतून तोच आकडा असलेलं कनेक्शन निवडा. पीएस५ या हॉटस्पॉटला जोडल्यावर त्याला `192.168.137` ने सुरू होणारा पत्ता मिळाला की वाटणी चालू झाली.

वायरगार्डचा अ‍ॅडॉप्टर वाटायला कधीकधी त्रास देतो. तसं झालं तर व्हीपीएनच्या अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल बदलून ओपनव्हीपीएन करून पाहा. व्हीपीएन तुटताच इंटरनेट बंद करणारा अ‍ॅपमधला किल स्विच हॉटस्पॉटवरून येणारी रहदारीही अडवू शकतो, म्हणून चाचणीपुरता तो बंद ठेवा. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ही वाटणी अनेकदा मुकाट्याने बंद पडते. खूण दिसते पण काम होत नाही. ती काढून परत लावायची.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे जमत नाही, आणि सर्वात जास्त लोक अडकतात ते इथेच. फोनवर व्हीपीएनचं चिन्ह दिसतं, हॉटस्पॉट चालू असतो, कन्सोलला इंटरनेट मिळतं, तरी कन्सोलचा पत्ता साधाच राहतो. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये व्हीपीएन फक्त त्या फोनच्या अ‍ॅप्ससाठी असतं, हॉटस्पॉटची रहदारी त्याच्या बाजूने निघून जाते. लिनिएजओएससारख्या काही प्रणालींत हॉटस्पॉटलाही व्हीपीएन देण्याचा पर्याय आहे, पण त्यासाठी फोन नव्याने फ्लॅश करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

२. दुसरा राऊटर जोडा, पत्त्यांची टक्कर टाळा

केबलचं एक टोक जिओच्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरं नव्या राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये. वॅन पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. लॅनला लॅन जोडलं तर नवा राऊटर नुसता स्विच होऊन बसतो आणि टनेलमधून, म्हणजे व्हीपीएनच्या बंद वाटेतून, काहीच जात नाही.

जोडण्याआधी दोन्हींचे अंतर्गत पत्ते बघा. जिओफायबरचा राऊटर साधारणपणे `192.168.29.1` वर असतो आणि जीएल.आयनेटचा `192.168.8.1` वर, त्यामुळे आपल्या उदाहरणात भांडण नाही. पण एअरटेलचा राऊटर अनेक घरांत `192.168.1.1` वर असतो आणि कोरा ओपनडब्ल्यूआरटीही नेमका तिथेच बसतो. दोघांचा पत्ता एकच असला की नव्या राऊटरला बाहेरचा रस्ता कुठला आणि घरातला कुठला हे उमगत नाही. लक्षण असं की सेटिंगचं पान उघडतं पण इंटरनेट नाही. अशा वेळी केबल काढा, नव्या राऊटरचा लॅन पत्ता `192.168.8.1` करा आणि मग केबल लावा.

नव्या वायफायला वेगळं नाव द्या, ‘टीव्ही-व्हीपीएन’ असं काहीही. घरच्या वायफायचंच नाव ठेवलं तर फोन आपल्या मर्जीने इकडून तिकडे उड्या मारतील.

३. फाइल चढवा

व्हीपीएन सेवेच्या पानावर सर्व्हर निवडून फाइल उतरवा. ती साधारण अशी दिसते:

```
[Interface]
PrivateKey = (your key)
Address = 10.64.12.7/32
DNS = 10.64.0.1

[Peer]
PublicKey = (server key)
AllowedIPs = 0.0.0.0/0
Endpoint = 203.0.113.20:51820
PersistentKeepalive = 25
```

यातल्या तीन ओळी समजून घ्या. `AllowedIPs` मध्ये `0.0.0.0/0` म्हणजे आयपीव्ही४ ची सगळी रहदारी टनेलमध्ये. `Endpoint` हा सर्व्हरचा खरा पत्ता आणि पोर्ट. `PersistentKeepalive` मुळे राऊटर दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवतो, म्हणजे मधले राऊटर हे कनेक्शन विसरत नाहीत. 

राऊटरच्या मेनूत WireGuard Client मध्ये जाऊन ही फाइल चढवा आणि सुरू करा. तीच फाइल लॅपटॉपवरही वापरू नका. एकच किल्ली दोन ठिकाणी चालू असली की सर्व्हर उत्तरं कधी इकडे, कधी तिकडे पाठवतो आणि दोन्हीकडे कनेक्शन तुटत राहतं. राऊटरसाठी वेगळी फाइल बनवून घ्या.

टनेल चालू झालं का हे हिरव्या दिव्यावरून ठरवू नका. वायरगार्ड चुकीच्या किल्लीलाही ‘चूक’ म्हणत नाही, गप्प बसतो. पाहायचं ते ‘शेवटचा हँडशेक’, म्हणजे सर्व्हरशी शेवटची ओळखपटणी कधी झाली ते, आणि आलेले बाइट. पाठवलेले बाइट वाढतायत आणि आलेले शून्यावरच आहेत, तर पलीकडून कुणी उत्तर देत नाहीये: किल्ली चुकली, पत्ता चुकला किंवा राऊटरचं घड्याळ मागे आहे.

घड्याळाचं प्रकरण आपल्याकडे लाइट गेल्यावर हमखास निघतं. छोट्या राऊटरमध्ये घड्याळाला वेगळी बॅटरी नसते, वीज परत आली की तो जुन्या तारखेला जागा होतो. वायरगार्डच्या प्रत्येक हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि आधीच्यापेक्षा जुना शिक्का सर्व्हर नाकारतो. राऊटर वेळ विचारायला जातो, पण टनेलशिवाय बाहेर जायला मनाई असेल तर ती विचारणाही अडकते. वेळ नाही म्हणून टनेल नाही, टनेल नाही म्हणून वेळ नाही. तात्पुरता उपाय म्हणजे सेटिंगच्या पानावरून वेळ हाताने बरोबर करणे. लाइट वारंवार जात असेल तर राऊटरला छोटा डीसी यूपीएस लावा.

४. गळती बंद करा

दोन कामं आहेत आणि दोन्ही कन्सोल जोडण्याआधी करायची.

पहिलं, किल स्विच. काही राऊटरांत त्याचं नाव Kill Switch असतं, काहींत Block Non-VPN Traffic. तो चालू असला की टनेल पडताच मागच्या उपकरणांचं इंटरनेट बंद पडतं. तो नसेल तर टनेल पडलेलं तुम्हाला कळणारही नाही, टीव्ही निवांत साध्या रस्त्याने चालत राहील.

दुसरं, आयपीव्ही६. जिओ आयपीव्ही६ देते. तुमच्या वायरगार्ड फाइलमध्ये `AllowedIPs` पुढे `::/0` नसेल तर टनेल फक्त आयपीव्ही४ उचलतं. राऊटरने आयपीव्ही६ मागच्या वायफायवर पुढे ढकललं तर टीव्हीला बाहेर जायला दुसरा उघडा दरवाजा मिळतो, आणि आधुनिक टीव्ही आणि अ‍ॅप्स तोच आधी वापरतात. सर्वात सोपं म्हणजे नव्या राऊटरवर आयपीव्ही६ पूर्ण बंद करणं. पीएस५ चं किंवा टीव्हीचं त्यावाचून काही अडत नाही.

५. लॅपटॉप पुढे करून तपासा

कन्सोलवर तपासणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. लॅपटॉप ‘टीव्ही-व्हीपीएन’ला जोडा, त्याच्यावरचं स्वतःचं व्हीपीएन बंद ठेवा आणि Command Prompt मध्ये हे चालवा:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

पहिल्याचं उत्तर सिंगापूरच्या सर्व्हरचा पत्ता यायला हवं. दुसरी आज्ञा चुकली, जोडणी होत नाही म्हणाली, तर ते बरोबर आहे. तिथे तुमच्या जिओचा लांबलचक पत्ता आला तर चौथ्या पायरीवर परत जा.

मग राऊटरच्या पानावरून टनेल बंद करा आणि कुठलंही पान उघडून पाहा. उघडलं तर किल स्विच काम करत नाहीये. टनेल परत चालू करून वेग मोजा. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस सांगतं, तेव्हा टीव्हीला २५-३० मिळाले तरी भागतं. वेग फारच कमी असेल तर राऊटरच्या पानावर प्रोसेसरचा ताण पाहा. टनेलमधलं प्रत्येक पाकीट राऊटरचा छोटा प्रोसेसर कुलूपबंद करत असतो. ताण शंभर टक्क्यांना टेकलेला असेल तर मोठा प्लॅन घेऊन उपयोग नाही. ओपनव्हीपीएन वापरत असाल तर वायरगार्डवर या, तेवढ्याच प्रोसेसरवर फरक दिसतो.

६. पीएस५ जोडा

Settings, Network, Settings, Set Up Internet Connection. केबल असेल तर केबल. नंतर Connection Status मध्ये Test Internet Connection चालवा. तिथे दिसणारा NAT Type महत्त्वाचा, बाहेरच्यांना तुमच्या कन्सोलशी किती सहज जोडता येतं हे तो सांगतो. टाइप २ आला तर थांबा, चांगलं आहे. टाइप ३ असेल तर गेम उतरवता येतील, एकट्याने खेळता येईल, पण पार्टी चॅट आणि मित्रांच्या खोलीत शिरणं अडेल.

टाइप ३ दिसल्यावर लोक जिओच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करत बसतात. त्याने काही होत नाही. पीएस५ ची रहदारी तुमच्या दोन्ही राऊटरांतून बंद पाकिटात जाते आणि ते पाकीट सिंगापूरला उघडतं. नॅट, म्हणजे अनेक उपकरणांसाठी एकच बाहेरचा पत्ता वापरणं, तिथे व्हीपीएनच्या सर्व्हरवर होतं. घरचा डबल नॅट, जिओचा सीजीनॅट, नव्या राऊटरचं यूपीएनपी, यातल्या कशाचाही इथे संबंध उरत नाही. सर्व्हर बदलून पाहा, नाहीतर पोर्ट फॉरवर्डिंग देणारी व्हीपीएन सेवा शोधा.

पिंगबद्दलही अपेक्षा ठरवून घ्या. मुंबई ते सिंगापूर आणि परत यायला ६० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. गेमचा सर्व्हर मुंबईत असेल तर तुमची प्रत्येक गोळी आधी सिंगापूरला जाऊन परत येईल, म्हणजे खेळ बिघडणारच. व्हीपीएनने पिंग सुधारतं ते एकाच स्थितीत: गेमचा सर्व्हर सिंगापूरकडे आहे आणि तुमची इंटरनेट कंपनी तिकडे जायला वाकडा रस्ता घेते.

आणि प्लेस्टेशन स्टोअर कुठल्या देशाचं दिसेल हे तुमच्या खात्याच्या देशावर ठरतं, आयपी पत्त्यावर नाही. व्हीपीएनवर गेल्यावर किमती बदलतील ही आशा सोडा.

साइन-इन होतंय पण डाउनलोड अर्ध्यावर अडतंय किंवा काही पानं कोरी राहतात, असं असेल तर एमटीयूवर, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकारावर, संशय घ्या. वायरगार्डचं वेष्टन प्रत्येक पाकिटात जागा खातं, म्हणून टनेलचा एमटीयू सहसा १५०० ऐवजी १४२० असतो. काही जोडण्यांवर तेवढंही मावत नाही. टनेलमागच्या विंडोज लॅपटॉपवरून पाहा:

```
ping -f -l 1392 1.1.1.1
```

१३९२ मध्ये २८ बाइटचं शीर्षक मिळवलं की १४२० होतात. उत्तर येत नसेल तर आकडा २०-२० ने कमी करत जा. ज्या आकड्याला उत्तर येईल त्यात २८ मिळवा आणि ती संख्या राऊटरच्या वायरगार्ड सेटिंगमध्ये एमटीयू म्हणून टाका. समजा १३५२ वर उत्तर आलं, तर १३८०. पीएस५ मधला एमटीयू तसाच राहू द्या, नाहीतर पुढे ते कन्सोल साध्या वायफायवर नेल्यावर विसरलेला आकडा छळतो.

७. टीव्ही जोडा

टीव्ही नव्या वायफायवर घ्या आणि मग प्लग काढून मिनिटभर थांबा. रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद होत नाही, अ‍ॅप्स जुना देश धरून बसतात. एलजीमध्ये सेवांचा देश हे वेगळं सेटिंगही असतं. कुठली अ‍ॅप्स उतरवता येतील हे त्यावर ठरतं, व्हीपीएनवर नाही.

फोनवरून कास्ट करणं बंद पडल्याची तक्रार लगेच येईल. फोन जिओच्या वायफायवर आणि टीव्ही नव्या वायफायवर, म्हणून ते एकमेकांना दिसत नाहीत. कास्ट करण्यापुरता फोन ‘टीव्ही-व्हीपीएन’वर आणा.

ओटीटी सेवांना व्हीपीएनचे पत्ते ओळखता येतात. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार व्हीपीएनवर फक्त जगभर हक्क असलेले कार्यक्रम दिसतात, आणि जाहिरातींचा प्लॅन व थेट प्रक्षेपणं व्हीपीएनवर चालत नाहीत. एखादं अ‍ॅप ‘प्रॉक्सी वापरताय’ असं म्हणालं तर राऊटर उलटापालटा करू नका, तुमची जोडणी ठीक आहे. त्या सेवेला तो सर्व्हर मान्य नाही. बहुतेक राऊटरांत ठरावीक उपकरण टनेलबाहेर ठेवण्याची सोय असते. टीव्हीसाठी ती वापरा किंवा टीव्ही सरळ जिओवर परत न्या.

परदेशातून भारताचा सर्व्हर हवा असेल तर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांना भारतात ग्राहकांची नोंद ५ वर्षं ठेवणं बंधनकारक झालं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हलवले. यादीत ‘इंडिया’ दिसलं तरी अनेकदा यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला असतं, फक्त पत्ता भारतीय. फ्रँकफर्टहून सिंगापूरमार्गे मुंबईत गेम खेळायचा बेत असेल तर पिंग आधी मोजा. टीव्हीला त्या उशिराने फारसा फरक पडत नाही.

दुबई-अबुधाबीत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथे गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता झाकल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. राऊटर बसवण्याआधी तिथला नियम वाचून घ्या.

काहीच चालेना झालं तर

याच क्रमाने बघा. जिओच्या वायफायवर फोनला इंटरनेट आहे का? नव्या राऊटरवर टनेल आणि किल स्विच बंद करून लॅपटॉपला इंटरनेट मिळतं का? नसेल तर केबल किंवा पत्त्यांची टक्कर. मिळत असेल तर राऊटरची तारीख पाहा, मग टनेल चालू करून आलेले बाइट पाहा. बाइट येतायत पण पानं उघडत नाहीत, तर `ping 1.1.1.1` करा: उत्तर आलं तर डीएनएसची ओळ चुकली आहे, नाही आलं तर त्याच सेवेच्या दुसऱ्या सर्व्हरची फाइल चढवा. लॅपटॉपवर सगळं नीट आणि फक्त पीएस५ अडतंय, तर त्यात मागे कधी हाताने घातलेला डीएनएस किंवा प्रॉक्सी राहिला आहे का ते पाहा, आणि दोन्ही Automatic व Do Not Use वर आणा.